सिक्युअर बूट, टीपीएम आणि एक गेम: दोन कॉम्प्युटरच्या नोंदी

११ ऑक्टोबर २०२५

आधी मशीन सांगतो म्हणजे पुढचं कळेल. रायझन ५ २६००, आरटीएक्स ३०६० टीआय, १६ जीबी रॅम, विंडोज १०. गेमच्या किमान यादीत हाच प्रोसेसर लिहिलाय आणि ग्राफिक्स कार्ड तर त्यांनी मागितलंय त्याच्या बरंच वरचं आहे. त्यामुळे चालेल की नाही हा प्रश्नच डोक्यात नव्हता. रात्रभर डाउनलोड लावला, सकाळी चालू केला, अँटी-चीटची खिडकी आली आणि एका ओळीत सांगितलं की सिक्युअर बूट चालू नाही. बस. मेनूसुद्धा दिसला नाही.

मला वाटलं इन्स्टॉलमध्ये काहीतरी गडबड झाली असेल. म्हणून फाइल्स तपासून घेतल्या, मग अँटी-चीट काढून परत टाकलं, मग ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकला, शेवटी आख्खा गेम काढून पुन्हा उतरवला. पूर्ण शनिवार त्यात गेला आणि यातल्या एकाही गोष्टीचा या मेसेजशी काडीचा संबंध नाही. मेसेज जे म्हणतोय तेच खरं असतं, हे मी रात्री नऊ वाजता मान्य केलं.

खरी तपासणी दोन मिनिटांची आहे. विंडोज आणि आर दाबून `msinfo32` टाईप करायचं आणि उजव्या बाजूच्या दोन ओळी बघायच्या. माझ्याकडे हे होतं:

```
BIOS Mode            Legacy
Secure Boot State    Unsupported
```

`Unsupported` वाचून पोटात गोळा आला, वाटलं बोर्डच जुनाट आहे. तसं नाहीये. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने बूट झालेलं असेल तर तिथे `Unsupported` च दिसतं, बोर्डात सोय असली तरी. पहिली ओळ `UEFI`, म्हणजे बूट व्हायची नवी पद्धत, झाल्याशिवाय दुसऱ्या ओळीला काही अर्थ नाही. यूईएफआयवर असून सिक्युअर बूट नुसतं बंद असेल तर तिथे `Off` येतं.

आता लेगसी का, तर हे विंडोज फार जुनं आहे. आधीच्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ होतं, ते १० केलं, मग हार्ड डिस्कवरून एसएसडीवर क्लोन केलं, मग तीच एसएसडी या बोर्डला लावली. प्रत्येक वेळी सगळं नीट चाललं म्हणून कधी बघितलंच नाही की डिस्क अजून एमबीआर, म्हणजे जुन्या मांडणीची आहे आणि बोर्डात सीएसएम चालू आहे म्हणून ती चालतेय. सीएसएम म्हणजे नव्या फर्मवेअरने जुन्या बायोसची नक्कल करायची सोय. इतकी वर्षं त्याने कुठे अडवलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर, सकाळ

चूक क्रमांक एक, आणि ही बहुतेक सगळेच करतात म्हणून सविस्तर लिहितोय.

बायोसमध्ये गेलो, सिक्युअर बूटचा पर्याय शोधला, तो राखाडी होता, क्लिकच होत नव्हता. मग लक्षात आलं की सीएसएम चालू असताना तो पर्याय उघडत नाही. म्हणून सीएसएम बंद केलं, सेव्ह केलं, रीस्टार्ट. कॉम्प्युटर चालू झाला आणि सरळ परत बायोसमध्येच आला. पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा बायोस. बूटच्या यादीत माझी एसएसडी दिसतच नव्हती. दहा मिनिटं हात गार पडले होते, कारण घरातले दहा वर्षांचे फोटो त्याच डिस्कवर आहेत.

काही उडालेलं नव्हतं. एमबीआर डिस्कवरचं विंडोज फक्त सीएसएममधूनच बूट होतं, सीएसएम काढलं की फर्मवेअरला त्या डिस्कवर बूट करण्यासारखं काही सापडत नाही. सीएसएम परत चालू केलं, विंडोज जसंच्या तसं आलं. तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी डिस्क जीपीटी, म्हणजे नव्या मांडणीची करायची, मग सीएसएम बंद करायचं, मग सिक्युअर बूट. उलटं केलं तर नुकसान होत नाही पण घाबरून लोक विंडोज फॉरमॅट करतात, तेवढं करू नका.

अजून एक, सीएसएम बंद करायच्या आधी ग्राफिक्स कार्ड बघून घ्या. माझं नवं आहे म्हणून अडचण आली नाही. पण कार्डाच्या स्वतःच्या बायोसमध्ये यूईएफआयची सोय नसेल, बरीच जुनी कार्डं तशी आहेत, तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीनच येत नाही, नाहीतर बोर्ड स्वतःच सीएसएम परत चालू करून टाकतो आणि आपल्याला वाटतं सेव्ह झालं नाही. GPU-Z नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये `UEFI` समोर टिक आहे का ते बघायचं. टिक नसेल तर आधी तो प्रश्न सोडवा.

१२ ऑक्टोबर, रात्र

फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर कॉपी केली. हे न करता पुढे जाऊ नका, मी एकदा हात गार पडल्यावर केलं, तुम्ही आधीच करा.

विंडोजमध्येच `mbr2gpt` आहे, विंडोज १० च्या १७०३ पासून. डेटा न घालवता डिस्क बदलतं. आधी नुसती तपासणी करायची, कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून:

```
mbr2gpt /validate /disk:0 /allowFullOS
```

डिस्कचा नंबर डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघून घ्या, शून्यच असेल असं नाही, दोन-तीन डिस्क असतील तर हमखास घोळ होतो. माझी शून्यच होती आणि उत्तर आलं:

```
Disk layout validation failed for disk 0
```

कारण काही सांगत नाही. कारण असतं `C:\Windows` मधल्या `setupact.log` आणि `setuperr.log` मध्ये, तिथे शेवटच्या ओळी वाचायच्या. माझ्याकडे भानगड पार्टिशनची होती. या टूलला एमबीआर डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात, आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल तर एकही चालत नाही. माझ्याकडे चार होती: सिस्टिम रिझर्व्ह्ड, सी, रिकव्हरी आणि डी. डी मी कोणे एके काळी गाण्यांसाठी केला होता.

डी मधलं सगळं दुसऱ्या डिस्कवर हलवलं, दोन तास लागले कारण दुसरी डिस्क फिरणारी आहे. मग डी डिलीट. झोपायला दीड वाजला.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली, ती दुसरी डिस्क एमबीआरच आहे आणि तशीच ठेवलीये. विंडोज ज्या डिस्कवरून बूट होतं तेवढीच बदलावी लागते. मी उगाच सगळ्या डिस्क बदलायच्या तयारीत होतो.

१४ ऑक्टोबर

आज तपासणी पास झाली, मग खरं काम:

```
mbr2gpt /convert /disk:0 /allowFullOS
```

मिनिटभरसुद्धा लागलं नाही. शेवटी यशस्वी झाल्याचं सांगतं आणि बजावतं की आता फर्मवेअर यूईएफआय मोडवर न्या, नाहीतर बूट होणार नाही. ही सूचना अगदी खरी आहे. आता सीएसएमच्या जुन्या वाटेने विंडोज येणार नाही, आता फक्त पुढेच जायचं.

बायोस, सीएसएम बंद, बूटच्या यादीत या वेळी डिस्कच्या नावाऐवजी `Windows Boot Manager` दिसलं. तेच पहिलं ठेवलं. विंडोज आलं. `msinfo32` मध्ये `BIOS Mode` समोर `UEFI` आणि त्याखाली `Off`. खूप बरं वाटलं, कारण `Unsupported` गेलं.

एक छोटी दुरुस्ती: या बदलात विंडोजचं रिकव्हरी कधी कधी बंद पडतं. `reagentc /info` ने बघायचं, `Disabled` असेल तर `reagentc /enable`. माझं बंद पडलं होतं, एका कमांडने परत आलं.

मग बायोसमध्ये सिक्युअर बूट `Enabled` केलं, सेव्ह, रीस्टार्ट, `msinfo32`. अजूनही `Off`.

परत गेलो. बायोसमध्ये `Enabled` च दिसतंय. विंडोजमध्ये `Off`. गेम म्हणतो सिक्युअर बूट चालू नाही. तीन वेळा आत-बाहेर केलं. पॉवरशेलमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून हे टाकलं:

```
Confirm-SecureBootUEFI
```

उत्तर `False`. म्हणजे विंडोज खोटं सांगत नाहीये, बायोसमधलं `Enabled` च पोकळ आहे.

१६ ऑक्टोबर

दोन संध्याकाळी याच्यावर घालवल्या. बायोस परत डीफॉल्ट करून पाहिलं, सीएसएम परत चालू-बंद केलं, बॅटरी काढून लावली. बॅटरी काढल्यावर सीएसएम आपोआप चालू झालं आणि विंडोज बूटच होईना, ते निस्तरण्यात अजून अर्धा तास.

कारण सापडलं ते त्याच पानावर होतं, मी फक्त वरची ओळ वाचत होतो. सिक्युअर बूटच्या पानावर दोन वेगळ्या ओळी असतात. एक आपण ठेवतो ती, `Enabled`. दुसरी बोर्ड सांगतो ती, माझ्याकडे तिथे लिहिलं होतं `System Mode: Setup` आणि बाजूला बारीक अक्षरात `Not Active`.

`Setup` म्हणजे बोर्डात चाव्याच नाहीत. सिक्युअर बूट काय करतं, तर बूट होणाऱ्या प्रत्येक फाइलची सही तपासतं, आणि सही तपासायला बोर्डात आधी चाव्या भरलेल्या लागतात: वर प्लॅटफॉर्म की म्हणजे पीके, तिच्याखाली केईके, आणि खाली दोन याद्या, चालणाऱ्यांची डीबी आणि बाद केलेल्यांची डीबीएक्स. पीके रिकामी असली की बोर्ड सेटअप मोडमध्ये राहतो आणि सही तपासतच नाही, वर तुम्ही `Enabled` लिहा नाहीतर काहीही. माझ्या बोर्डवर चाव्या का नव्हत्या ते कळलं नाही, कधीतरी मीच कुठलातरी पर्याय दाबला असेल, शक्य आहे.

उपाय: माझ्या बोर्डवर `Secure Boot Mode` आधी `Custom` केलं, मग खाली `Key Management` उघडलं, त्यात `Restore Factory Keys` ला होकार दिला. मग मोड परत `Standard`. सेव्ह. पुढच्या वेळी पानावर `System Mode: User` आणि `Active`. बोर्डाप्रमाणे शब्द बदलतात, कुठे डीफॉल्ट चाव्या बसवा असं असतं, पण अर्थ हाच. त्याच पानावर चाव्या पुसायचा पर्यायही शेजारीच असतो, तो दाबला की उलट सेटअप मोडमध्येच जाल, तेव्हा वाचून दाबा.

पॉवरशेल: `True`. `msinfo32`: `On`.

गेम चालू केला. नवा मेसेज: टीपीएम २.० सापडलं नाही.

१७ ऑक्टोबर

हे मात्र सोपं निघालं. टीपीएम म्हणजे मशीनच्या चाव्या आणि बूटची नोंद सांभाळणारी सुरक्षेची सोय. रायझनमध्ये टीपीएम प्रोसेसरच्या आतच असतं, त्याला एफटीपीएम म्हणतात, इंटेलच्या बोर्डावर तेच पीटीटी नावाने असतं. माझ्या बोर्डवर ते मुळात बंद होतं, अ‍ॅडव्हान्स्डच्या पानात जाऊन चालू केलं. तपासायला `tpm.msc`, तिथे खाली `Specification Version` समोर `2.0` आलं पाहिजे. आलं. वेगळी चिप विकत घ्यायची गरज नव्हती आणि मी जवळजवळ घेतलीच होती.

ज्यांनी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू ठेवलंय त्यांनी बायोसमध्ये हात घालायच्या आधी ते सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. टीपीएम किंवा सिक्युअर बूट बदललं की बिटलॉकरला वाटतं कोणीतरी मशीनशी छेडछाड केली, आणि तो अठ्ठेचाळीस आकडी की मागत बसतो. माझं बंद होतं म्हणून सुटलो.

गेम चालू झाला. रात्री अकरा वाजता पहिली मॅच. हाय सेटिंगवर अगदी मस्त चालतोय, कुठेही अडखळत नाही. मला मनापासून हेच सांगायचंय, हे मशीन पहिल्या दिवसापासून हा गेम चालवायला समर्थ होतं. सहा दिवसांत मी एकही पार्ट बदलला नाही. बदललं ते फक्त मशीन चालू होताना पहिल्या पाच सेकंदांत काय होतं ते.

आणि अँटी-चीटला नेमके तेच पाच सेकंद हवे असतात. चीट विकणारे आता विंडोजच्याही आधी चढणाऱ्या फाइल्स बनवतात, त्या एकदा खाली बसल्या की वर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणाऱ्या अँटी-चीटला त्या दिसत नाहीत. सिक्युअर बूट असल्या बिनसहीच्या फाइलला चढूच देत नाही. आणि टीपीएम बूट होताना काय काय झालं त्याची नोंद ठेवतं, सिक्युअर बूट चालू होतं का हे त्यातल्या पीसीआर ७ नावाच्या खात्यात जातं, विंडोज चालू झाल्यावर मागे जाऊन ते खोडता येत नाही. म्हणून दोन्ही मागतात, एक दाराशी उभं आणि एक वहीत लिहिणारं. व्हॅलोरंटने विंडोज ११ वर हे २०२१ मध्येच सुरू केलं, तिथे `VAN9003` आला तर सिक्युअर बूट आणि `VAN9001` आला तर टीपीएम बघायचं. बॅटलफील्ड ६ आणि कॉल ऑफ ड्यूटी ब्लॅक ऑप्स ७ साठी २०२५ मध्ये हीच अट आली. मला ही अट पटते, चीटवाल्यांनी मॅचची वाट लावलेली मीही बघितलीये. पण हे नीट समजावून सांगायची जबाबदारी एका ओळीच्या मेसेजवर टाकलीये, ते मात्र पटत नाही.

२ नोव्हेंबर

दोन आठवडे व्यवस्थित. मग कधी कधी एक-दीड सेकंद आख्खं मशीन थबकायचं, आवाजही फाटायचा. एफटीपीएम चालू करायच्या आधी असं कधी झालं नव्हतं. एएमडीने स्वतः २०२२ मध्ये मान्य केलेला दोष आहे हा, एजेसा, म्हणजे बायोसमधला एएमडीचा स्वतःचा भाग, १.२.०.७ असलेल्या बायोसमध्ये दुरुस्त केलाय. माझा बायोस २०१९ चा.

बायोस अपडेट केला आणि लिहून ठेवायला हवं होतं ते लिहिलेलं नव्हतं. अपडेटनंतर सगळी सेटिंग मूळ पदावर. सीएसएम चालू, सिक्युअर बूट बंद, विंडोज बूट होईना. वर एक काळा पडदा आला, एफटीपीएमची साठवण बदललीये, रीसेट करायचं तर वाय दाबा, नको असेल तर एन. बिटलॉकर असेल तर वाय दाबायच्या आधी की हातात पाहिजे. माझं नव्हतं, वाय दाबला, तरी एक गेलंच: विंडोजचा पिन चालेना, कारण पिन टीपीएमशी बांधलेला असतो. पासवर्डने आत जाऊन नवा पिन केला.

बाकी चाळीस मिनिटांत परत उभं केलं कारण आता क्रम पाठ आहे. थबकणं थांबलं. या वेळी बायोसच्या प्रत्येक बदललेल्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला. बोर्डवरची बॅटरी संपली तरी हेच होणार आहे, तेव्हा फोटो कामाला येतील.

८ नोव्हेंबर

आता दुसरं मशीन, भाच्याचं. माझं चालू झालेलं बघून त्याचा फोन, "मामा, माझंही करून दे ना, माझ्यात तर आय७ आहे."

आय७ ४७९०, ऑफिसमधून निघालेला ब्रँडेड कॉम्प्युटर, २०१४ चा. त्यात त्याने पैसे साठवून आरएक्स ६६०० टाकलंय, रॅम १६. किमान यादीत प्रोसेसर याच्याहून नवा आहे हे मान्य, पण त्याच्याकडे याच दमाचे दुसरे गेम छान चालतात, मी बसून बघितलं, मिडियमवर ऐंशीच्या आसपास फ्रेम येत होत्या. एकटा खेळायचा गेम असता तर हाही चालला असता, सेटिंग कमी करून.

तपासलं. विंडोज आधीच यूईएफआयवर होतं, डिस्क जीपीटी, सिक्युअर बूटचा पर्याय बायोसमध्ये होता, चालू केला, `True` आलं. माझ्या सहा दिवसांचं काम त्याच्याकडे दहा मिनिटांत. तो खुर्चीत उड्या मारत होता. मग `tpm.msc` उघडलं:

```
Specification Version    1.2
```

बोर्डवर चिकटवलेली चिप आहे, १.२ ची. टीपीएम आहे म्हणून विंडोज सांगतं, चालू आहे असंही सांगतं, त्यामुळे नुसतं `ready for use` वाचून खूश होऊ नका, आकडा वाचा. गेमला २.० पाहिजे. १.२ मध्ये एसएचए-१ सारखी जुनी पद्धत आहे, नवीन तपासणी त्यावर होत नाही. पीटीटीचा पर्याय बायोसमध्ये शोधला, नाही. नंतरच्या काही मॉडेलमध्ये चिपचं फर्मवेअर १.२ वरून २.० करता येतं, कंपनीने तसं टूल दिलेलं असतं, या मॉडेलसाठी नाही. सुटा मॉड्यूल लावायला बोर्डवर जागाही नाही.

तीन तास मी वाट शोधत होतो, खरं सांगायचं तर अर्ध्या तासातच कळलं होतं पण त्याचा चेहरा बघून सोडवत नव्हतं. तो म्हणाला, "पण मामा, कार्ड तर मी याच्यासाठीच घेतलं होतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कार्डाची चूक नाही, त्याचीही नाही.

इंटरनेटवर टीपीएम असल्याचं भासवणाऱ्या युक्त्या सापडतात. त्याने विचारलं, मी नाही म्हटलं आणि तुम्हालाही नाहीच म्हणेन. अँटी-चीटच्या नजरेत तपासणी फसवणारा आणि चीट करणारा यांच्यात फरक नसतो, खातं गेलं की गेलं.

लिनक्स टाकून बघू असंही त्याच्या डोक्यात होतं. लिनक्सवर विंडोजचे गेम प्रोटॉन नावाच्या सोयीतून चालतात, आणि असली कर्नलमध्ये बसणारी अँटी-चीट त्यात चालतच नाहीत. काही अँटी-चीटना लिनक्सवर चालायची सोय आहे पण ती गेम बनवणाऱ्याने चालू करावी लागते, आणि चालू केलेली परत बंदही होते, एपेक्स लेजेंड्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स काढून टाकलं, स्टीम डेकसकट. ती वाट इथे नाही.

१५ नोव्हेंबर

भाच्याच्या मशीनचा हिशोब मांडला. कार्ड चांगलं आहे, ते राहील. बदलायचं ते बोर्ड आणि प्रोसेसर, म्हणजे आठव्या पिढीचा इंटेल आणि त्याचा बोर्ड, पीटीटीवाला, जुन्या बाजारात मिळतो. पण मग रॅमही जाते, कारण त्याची डीडीआर३ आहे आणि नव्या बोर्डला डीडीआर४ लागते. ब्रँडेड कॅबिनेटमध्ये साधा बोर्ड बसत नाही, पॉवर सप्लायचं कनेक्टरही वेगळंच, म्हणजे कॅबिनेट आणि पॉवर सप्लायही आला. एका चिपच्या आकड्यासाठी कार्ड आणि एसएसडी सोडून सगळं. हे बघून मला राग आला, अजूनही आहे. दहा वर्षांचं मशीन जुनं झालं असं कोणी म्हटलं तर मान्य, पण ते जुनं झालंय हे चालण्याच्या वेगावरून तरी ठरावं.

२३ नोव्हेंबर

वापरलेला बोर्ड आणि आय५ ८४०० देणारा एक माणूस सापडला. त्याने बोर्डचा आणि बायोसच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला, चालू स्थितीत आहे म्हणाला. मी त्याला दोनच स्क्रीनचे फोटो मागितले, `msinfo32` आणि `tpm.msc`. आधी तो म्हणाला विंडोज ११ चालतंय म्हणजे सगळं आहेच. नाही, विंडोज ११ आडवाटेने टीपीएमशिवायही टाकतात लोक, म्हणून स्क्रीनच बघायचे. बायोसमध्ये पीटीटी चालू करून मगच `tpm.msc` उघडायला सांगितलं, कारण त्या बोर्डावर ते बंद असेल तर टीपीएम नाहीच असं दिसतं आणि चांगला बोर्ड आपण उगाच सोडून देतो.

संध्याकाळी पहिला फोटो आला. `UEFI`, `Off`. `Off` ची काळजी नाही, चाव्या बसवायच्या राहिल्या असतील, ते घरी करू. दुसऱ्या फोटोची वाट बघत भाचा दर दहा मिनिटांनी विचारत होता.

साडेनऊला आला. जरा हललेला फोटो होता, मोठा करून वाचावा लागला. `Specification Version`, समोर `2.0`. पुढच्या रविवारी जाऊन घेऊन येतोय.